ओव्हन लावला की वाय-फाय जातं: दोष कुठे आहे ते आधी शोधा, मग चॅनल बदला

प्रश्न: आमचं घर अमळनेरला आहे, मी घरूनच काम करतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू झाला की वाय-फाय जातं, बंद केला की परत येतं. केबलवाल्याने राऊटर बदलून दिला, तरी तेच. ओव्हनमधून किरणं गळतात की काय अशी आईला भीती वाटते. कोणी म्हणतं चॅनल बदला. नेमकं काय करू?

उत्तर:

भाऊ, पहिला प्रश्न मीच विचारतो: ओव्हन बंद केल्यावर वाय-फाय परत यायला किती वेळ लागतो? दोन-चार सेकंदांत येत असेल तर हा लहरींचा मामला आहे. दीड-दोन मिनिटं लागत असतील तर तो विजेचा मामला आहे, आणि मग चॅनल कितीही बदला, काही होणार नाही.

हे आधी सांगतोय, कारण आपल्याकडे या दोन गोष्टींची फार गल्लत होते. शहाद्याकडच्या एका घरी मी स्वतः ही चूक केली होती. ओव्हन लावला की इंटरनेट जातं म्हटल्यावर मी न बघताच चॅनल बदललं, पुढच्या खेपेला राऊटर बदलला. तिसऱ्या खेपेला राऊटरसमोर उभा राहिलो तेव्हा दिसलं, की ओव्हनचं बटण दाबताच राऊटरचे सगळे दिवे क्षणभर विझतात आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. ओव्हन आणि राऊटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. बोर्डाची पिन सैल होती आणि संध्याकाळचं व्होल्टेज मुळातच पडलेलं. ओव्हनने हजार-बाराशे वॅट ओढले की राऊटरच्या अडॅप्टरला पुरेसा दाब मिळत नव्हता. त्या घरच्या लोकांचे दोन आठवडे माझ्यामुळे वाया गेले.

म्हणून आधी राऊटरचे दिवे बघा. लहरींच्या अडथळ्यात पॉवरचा आणि फायबरचा दिवा शांतपणे लागलेलाच राहतो, फक्त मोबाईल-लॅपटॉपला जोडणी मिळत नाही. दिवे विझून पुन्हा लागत असतील तर दोष विजेचा. आणखी पक्की खात्री हवी असेल आणि तुमच्या ओव्हनमध्ये ग्रिल असेल, तर नुसत्या ग्रिलवर चालवून बघा. ग्रिलमध्ये फक्त तापणारी कांडी चालते, लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बंद असतो. वीज मात्र तो जवळपास तितकीच खातो. ग्रिलवरही वाय-फाय जात असेल तर राऊटरला वेगळा सॉकेट द्या, किंवा त्याच्या अडॅप्टरला जोडायचा छोटा यूपीएस घ्या. ग्रिल नसेल तर त्याच बोर्डावर इस्त्री लावून बघा, तीही चालेल. ग्रिलवर किंवा इस्त्रीवर काहीच होत नाही आणि मायक्रोवेव्हवर मात्र वाय-फाय जातं, असं असेल तरच पुढचं वाचा.

आता असं का होतं ते थोडं समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. घरगुती ओव्हन साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. राऊटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, आणि चॅनल म्हणजे याच पट्ट्यातला एकेक तुकडा. म्हणजे ओव्हन बरोबर त्याच वाडग्यात चमचा घालतो. ओव्हनच्या आत सात-आठशे वॅटची ताकद असते. दार आणि पत्रा त्यातलं जवळजवळ सगळं आत अडवतात, पण अगदी हजारावा हिस्सा नव्हे, त्याहूनही कितीतरी कमी भाग बाहेर आला तरी तो काही मिलिवॅट भरतो. राऊटर साधारण शंभर मिलिवॅटवर बोलतो, आणि तोही तुमच्या लॅपटॉपपासून दोन भिंतींपलीकडून. ओव्हन शेजारी असेल तर राऊटरचा आवाज त्यात बुडतो.

आईंना सांगा की हे ऐकून घाबरू नये. ओव्हनच्या गळतीची मर्यादा ठरलेली आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर जाता कामा नये, आणि नवीन ओव्हनसाठी तर ती मर्यादा १ मिलिवॅट आहे. वाय-फायला त्रास देण्यापुरती गळती या मर्यादेच्या खूप आत बसते. म्हणजे वाय-फाय जातं एवढ्यावरून ओव्हन खराब आहे असं म्हणता येत नाही. दार नीट बसत नसेल, बिजागरी सैल झाली असेल, दाराच्या कडेला पत्रा वाकला किंवा जळला असेल, तर मात्र तो वापरणं थांबवा आणि कंपनीच्या मेकॅनिकला दाखवा. स्वतः मागचं झाकण कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या घरातला भार धरून ठेवू शकतो, त्याने जीव जातो. आणि मोबाईल आत ठेवून त्याला फोन लावून बघायचा जो प्रयोग लोक सांगतात, त्यातून गळतीबद्दल काहीच कळत नाही. चुकून ओव्हन चालू झाला तर मोबाईल आणि ओव्हन दोन्ही जातात.

या दोषातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन सतत चालत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. त्यातल्या साधारण अर्ध्या फेऱ्यात तो लहरी सोडतो आणि अर्ध्यात गप्प असतो. म्हणजे दर २० मिलिसेकंदांत राऊटरला ढोबळ १० मिलिसेकंदांची मोकळी फट मिळते. वाय-फायची एक पाकीटभर माहिती, म्हणजे १५०० बाइट, चांगल्या वेगात जायला पाव मिलिसेकंदही पुरतो. अशी कितीतरी पाकिटं त्या फटीतून आरामात निसटतात.

मग जोडणी तुटते का? कारण राऊटर आणि लॅपटॉप यांना ओव्हन ओळखता येत नाही. पाकीट हरवलं की त्यांना वाटतं, समोरचा लांब गेला, आवाज कमी येतोय, म्हणून ते हळू बोलायला लागतात. वेग उतरत उतरत सेकंदाला १ मेगाबिटवर आला, की तेच १५०० बाइटचं पाकीट १२ मिलिसेकंद घेतं. फट आहे १० ची आणि पाकीट आहे १२ चं. आता ते कुठूनही सुरू केलं तरी ओव्हनच्या तडाख्यात सापडणारच. म्हणजे ओव्हनपेक्षाही राऊटरचं हळू होणंच जास्त नुकसान करतं. पुढे सांगितलेली एक सेटिंग नेमकी यासाठीच आहे.

आता निदान. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंटरनेटला नव्हे, तर राऊटरलाच पिंग करा, म्हणजे त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा:

```
ping -t 192.168.1.1
```

तुमच्या राऊटरचा पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` दिल्यावर `Default Gateway` समोर दिसतो तो घाला. हे महत्त्वाचं आहे, कारण इंटरनेटवरच्या साइटला पिंग केलं तर केबलवाल्याची लाइन गेली की तुमचं वाय-फाय, ते कळत नाही. राऊटरपर्यंतचं पिंग फक्त घरातली हवा मोजतं.

एका पेल्यात पाणी ठेवा, रिकामा ओव्हन कधीही चालवू नका. आधी एक मिनिट ओव्हन बंद ठेवून पिंग बघा: उत्तरं दोन-पाच मिलिसेकंदांत येत राहिली पाहिजेत. मग पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं लावा. उत्तरं शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर गेली, मधूनमधून `Request timed out` यायला लागलं, तर संशय बळावला. खरी खात्री पटते ती तिसऱ्या पायरीला. ओव्हन निम्म्या ताकदीवर लावा. साधा ओव्हन निम्मी ताकद म्हणजे हळू चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण चालतो, काही सेकंद मॅग्नेट्रॉन बंद ठेवतो, ताट मात्र फिरतच राहतं. कान लावला तर घूं असा जड आवाज सुरू होतो आणि थांबतो. पिंग त्या आवाजाबरोबर बिघडत आणि सुधरत असेल, तर तुमचा चोर सापडला. इन्व्हर्टर जातीच्या ओव्हनमध्ये हा चढउतार मिळत नाही, कारण तो ताकद खरोखर कमी करून सलग चालतो. तिथे पहिल्या दोन पायऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

याच वेळी घरातला दुसरा मोबाईल लांबच्या खोलीत बघा. सगळ्यांचंच वाय-फाय जात असेल तर अडथळा राऊटरच्या कानाशी आहे: राऊटर बोलण्याआधी हवा ऐकतो, आणि गोंगाट असेल तर गप्प थांबतो, मग घरभर शांतता. फक्त स्वयंपाकघराशेजारी बसलेल्याचंच जात असेल तर अडथळा त्याच्या कानाशी आहे. पहिल्या वेळी राऊटर हलवायचा, दुसऱ्या वेळी माणसाने जागा बदलायची.

मोबाईलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. ती ॲप्स शेजाऱ्यांचे राऊटर दाखवतात, ओव्हन दाखवत नाहीत, कारण ओव्हन स्वतःचं नाव हवेत सांगत नाही. त्यात ११ नंबरचं चॅनल मोकळं दिसेल, आणि तेच ओव्हनने सगळ्यात जास्त घाण केलेलं असेल. राऊटरचं `Auto` सुद्धा याच कारणाने फसतं. तो बहुतेकदा सुरू होताना चॅनल निवडतो, आणि त्या क्षणी तुमच्या घरी कोणी दूध तापवत नसतं.

सध्या तुम्ही कोणत्या चॅनलवर आहात ते लॅपटॉपवर असं दिसतं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Channel` ची ओळ बघा. १ ते १३ मधला आकडा असेल तर २.४ चा पट्टा. ३६ किंवा त्यापुढचा असेल तर बहुधा तुम्ही ५ गिगाहर्ट्झवर आहात आणि ओव्हन तुमचा गुन्हेगार नाही.

आता एक घर सांगतो, चोपड्याचं. राऊटर फ्रिजवर, ओव्हन ओट्यावर, दोघांत तीन फूट अंतर. मुलीचा ऑनलाइन क्लास संध्याकाळी आणि त्याच वेळी भाकरी-भाजी गरम करायची घाई. चॅनल ११, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. चॅनल ११ चा मध्य २४६२ मेगाहर्ट्झ. रुंदी ४० केली की तो खाली चॅनल ७ पर्यंत पसरतो, म्हणजे साधारण २४३२ ते २४७२. ओव्हनचा २४५० बरोबर मधोमध. ओव्हन चालू असताना १२० पिंग पाठवले, त्यातले ४७ हरवले.

पहिल्यांदा मी फक्त राऊटर उचलून मधल्या खोलीत खुंटीवर नेला, ओव्हनपासून बारा-तेरा फुटांवर, मध्ये एक भिंत. चॅनल मुद्दाम तेच ठेवलं, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळावं. हरवलेले पिंग १९ वर आले. अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर ताकद चौथाई होते, त्यामुळे नुसतं हलवण्यानेही एवढा फरक पडतो. मग चॅनल १ घेतलं आणि रुंदी २० केली. चॅनल १ चा मध्य २४१२, आणि २० रुंदीत ते २४२२ च्या वर जात नाही. ओव्हनपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. आता हरवले ४. शून्य झाले नाहीत, कारण स्वस्त मॅग्नेट्रॉन चालू-बंद होताना क्षणभर सगळ्या पट्ट्यावर फराटा मारतो, आणि ताट फिरताना, आतला पदार्थ तापताना त्याची वारंवारताही सरकते. पण चार पिंगांनी क्लास तुटत नाही.

तुमच्याकडे हेच करायचं. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाका, आत गेल्यावर वायरलेसच्या २.४ च्या पानावर जा. `Channel` मध्ये `Auto` काढून `1` करा. `Channel Width` मध्ये `20 MHz` करा, `20/40` ठेवू नका. ती दोन्हींपैकी एक आपोआप घेते आणि तुमचा हिशोब बिघडवते. तिसरी सेटिंग `Mode` नावाची असते. तिथे `b/g/n` असेल तर `g/n` करा. याने १ ते ११ मेगाबिटचे जुने हळू वेग बंद होतात आणि राऊटर ६ मेगाबिटच्या खाली उतरत नाही. ६ वर तेच पाकीट साधारण २ मिलिसेकंदांत जातं, म्हणजे फटीत बसतं. मी वर पाकिटाचा एवढा हिशोब सांगितला तो या सेटिंगसाठी. फार जुनं एखादं उपकरण याने वाय-फायवरून सुटू शकतं. तसं झालं तर परत `b/g/n` करा, बाकीचं तसंच ठेवा.

शेजारच्या चार घरांचे राऊटर १ वरच असले तर? तरीही ओव्हनपुढे मी १ च घेईन. दुसरा राऊटर आपली पाळी संपली की थांबतो, ओव्हन कोणाची पाळी ओळखत नाही. गर्दी टाळायला ३ किंवा ४ घेण्याचा मोह होईल, तो टाळा. चॅनलांचे मध्य फक्त ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येक चॅनल २० रुंद, त्यामुळे ३ वर बसलात तर १ वाल्यांचं आणि ६ वाल्यांचं दोघांचंही अर्धवट बोलणं कानावर पडतं. ते पूर्ण ऐकू येण्यापेक्षा वाईट. १ अगदीच जाम असेल तर ६ करून बघा, पण ओव्हन चालू ठेवून पिंग मोजूनच ठरवा. ११ आणि त्यावरची चॅनल्स तुमच्या बाबतीत शेवटची.

खरा कायमचा उपाय मात्र कामाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेणं हाच आहे, तिथे ओव्हन पोहोचतच नाही. केबलवाल्याने दिलेला राऊटर ड्युअल बँड आहे का ते बघा; त्याच्या खालच्या लेबलवर किंवा सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचं वेगळं पान दिसेल. असेल तर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव ठेवणारी सोय, जिला `Smart Connect` किंवा `Band Steering` म्हणतात, बंद करा आणि ५ ला वेगळं नाव द्या. नाहीतर लॅपटॉप गुपचूप २.४ वर परत येतो आणि तुम्ही ओव्हनला शिव्या देत बसता. चॅनल ३६ ते ४८ मधलं घ्या. ५२ ते १४४ मधल्या चॅनल्सवर राऊटरला रडार ऐकू आलं की लगेच जागा सोडावी लागते, त्यात पुन्हा जोडणी तुटते.

५ ची अडचण भिंतींची. तुमचं घर नवीन विटांचं असेल तर एक-दोन खोल्या आरामात चालेल. पण अमळनेर, पारोळा, चोपड्याच्या जुन्या भागात धाब्याची घरं आहेत, दोन-दोन फूट मातीच्या भिंती. त्यातून ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच दमतो. अशा घरात मी लोकांना कामाच्या टेबलापर्यंत सरळ लॅन केबल ओढायला सांगतो. खिडकीच्या चौकटीतून, कडेने क्लिपा मारून नेली की दिसतही नाही, आणि हवेत काय चाललंय याचा तुमच्याशी संबंधच उरत नाही. कॅमेरा, स्मार्ट बल्ब, प्रिंटर ही मंडळी मात्र बहुतेक २.४ शिवाय चालत नाहीत, म्हणून त्या पट्ट्याचं चॅनल १ आणि २० रुंदी हे तरीही करून ठेवा.

बदल एकेक करा आणि प्रत्येकानंतर तोच पेला, तेवढंच पाणी, पूर्ण ताकद, दोन मिनिटं, तेच टेबल, असं पिंग मोजा. आकडे कागदावर लिहा. सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही, आणि उद्या राऊटर रीसेट झाला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. केबलवाले कधीकधी दुरूनच राऊटर अपडेट करतात, त्यात चॅनल परत `Auto` होऊन बसतं; त्रास परत सुरू झाला तर आधी तेच बघा.

आणि हे सगळं केल्यावर पिंग स्वच्छ आलं, पण ओव्हन लागला की मीटिंगमध्ये तुमचा आवाज चरचरतोय असं समोरचा म्हणाला, तर वाय-फायला दोष देऊ नका. तुमच्या कानातला ब्लूटूथ हेडफोन अजून २.४ वरच आहे. तेवढ्यापुरता वायरवाला लावा.